ताई एक, ताई दोन

*गौरी-गणपतीला आम्ही तिघी जावा सांगलीच्या घरी एकत्र जमतो. यंदाचा खर्च मी केला, ९,३०० रुपये. धाकटीने तिच्या वाट्याचे ३,१०० दिले, मोठ्या जाऊबाईंनी विषयच काढला नाही. दोन्ही गौरींच्या साड्या मात्र त्यांनी आणल्या आणि त्यांचं कौतुक गल्लीभर झालं. विसर्जनाच्या रात्री मी वहीच्या पानाचा फोटो काढला, खाली लिहिलं, “बघ. साड्या मिरवायला या, खर्चाला आम्ही. मोठेपणा यांचा, खिसा माझा.” पाठवायचं होतं माहेरच्या ताईला, गेलं जाऊबाईंना. माझ्या फोनमध्ये दोघीही ‘ताई’च आहेत. पाच मिनिटांनी लक्षात आलं तेव्हा डबल टिक होती, राखाडी. लगेच Delete for everyone केलं. त्या आयफोन वापरतात आणि त्यांची निळी टिक कुणालाच दिसत नाही. चार दिवस झाले, त्या नेहमीसारख्या बोलताहेत. त्यांनी वाचलं असेल का? भाचा म्हणतो, गप्प राहा. ताई म्हणते, गणपतीचा फोटो दोनदा गेला होता म्हणून सांग. काय करू?*

*– मधली जाऊ, सांगली*

वाचलंय असं धरून चाला. हे तुम्हाला घाबरवायला म्हणत नाही. तुमच्या पत्रातल्या बारीकसारीक गोष्टी जुळवल्या की वाचलं असण्याची शक्यताच जास्त दिसते. आणि शब्द वाचले नसतील, तरी फोटो अजून त्यांच्या फोनमध्ये असू शकतो. ताईंनी सुचवलेली थाप नेमकी तिथेच फसेल. ते कसं, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं पटेल.

डबल टिक आली याचा अर्थ मेसेज तुमच्या हातून, कंपनीच्या सर्व्हरवरून, पुढे जाऊबाईंच्या फोनपर्यंत पोचला होता. व्हॉट्सॲपचे मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, मधल्या सर्व्हरला ते उघडता येत नाहीत. आणि एकदा समोरच्या फोनमध्ये पोचलेली गोष्ट तिथून हात घालून काढून घेण्याची सोय सर्व्हरकडे नसते. मग तुम्ही Delete for everyone दाबता तेव्हा काय होतं? तुमच्या फोनवरून आणखी एक मेसेज जातो, डोळ्यांना न दिसणारा. त्यात जाऊबाईंच्या व्हॉट्सॲपला सांगितलेलं असतं, की मघाशी आलेलं अमुक पुसून टाक आणि तिथे This message was deleted लिही. त्यांचं व्हॉट्सॲप ते ऐकतं आणि आपल्या हद्दीतलं पुसतं. पण त्या हद्दीबाहेर जे गेलं ते त्याच्या हाती राहत नाही. बाहेर म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे, त्यांच्या फोटोंच्या अल्बममध्ये, किंवा त्यांनी कुणाला पुढे पाठवलं असेल तर तिथे.

एकच राखाडी टिक असती तर गोष्ट वेगळी होती. त्यांचा फोन बंद असता किंवा नेट नसतं, तर तुमचा मेसेज आणि तो पुसण्याचा निरोप दोन्ही सर्व्हरवर एकापाठोपाठ थांबले असते. न पोचलेला मेसेज तिथे ३० दिवसांपर्यंत राहतो. फोन सुरू झाल्यावर दोन्ही लागोपाठ आले असते आणि जाऊबाईंना बहुधा नुसती पुसल्याची खूणच दिसली असती. एकेरी टिक दिसत असताना पुसलेल्या मेसेजबद्दल कुणी लिहिलं, तर मी त्यांना झोपा निवांत म्हणून सांगते. तुम्हाला तसं सांगता येत नाही.

आता ती पाच मिनिटं. निळी टिक ही चॅट उघडल्याची खूण आहे, वाचल्याची नव्हे. स्क्रीनवर वरून खाली आलेल्या नोटिफिकेशनमध्ये कुणी अख्खा मेसेज वाचला, तरी टिक राखाडीच राहते. म्हणजे जाऊबाईंनी निळी टिक चालू ठेवली असती तरी तुम्हाला काही कळलं नसतं. तुमचा मजकूर फोटोखाली लिहिलेला होता. तसा मेसेज आला की नोटिफिकेशनमध्ये आधी कॅमेऱ्याचं छोटं चित्र दिसतं आणि त्याला लागून खालचा मजकूर. लांबलचक असता तर अर्ध्यात तुटला असता. तुमचे दहा-बारा शब्द, दोन-तीन ओळींत सगळे मावतात. “बघ.” पासून “खिसा माझा.” पर्यंत, एकही अक्षर न कापता. तुम्ही जरा पाल्हाळ लावलं असतं तर आज थोडी जागा होती हो.

यातही जर-तर आहेत, नाही असं नाही. आयफोनमध्ये नोटिफिकेशनचा मजकूर कधी दाखवायचा याची एक सेटिंग असते, Show Previews नावाची: कायम दाखव, लॉक उघडल्यावर दाखव, किंवा कधीच नको. ‘कधीच नको’ असेल तर त्यांना नुसतं तुमचं नाव दिसलं असेल. किंवा त्या झोपल्या असतील. विसर्जनाच्या रात्री, तीन दिवस पुरणावरणाचा घाट घातलेली बाई पडल्या पडल्या झोपणं अगदी शक्य आहे. तुम्हाला त्या जाग्या होत्या का एवढंच शोधायचं असेल तर एक वाट आहे. एकट्याशी चाललेल्या गप्पांमध्ये निळी टिक बंद करता येते, ग्रुपमध्ये ती बंद होत नाही. घरच्या ग्रुपवर तुम्ही त्याच रात्री काही टाकलं असेल, विसर्जनाचे फोटो वगैरे, तर त्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहिती उघडा. कुणी किती वाजता वाचलं ते तिथे वेळेसकट असतं. त्या पाच मिनिटांत जाऊबाईंचं नाव दिसलं तर फोन त्यांच्या हातात होता, एवढं नक्की. नाव दिसलं नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. मी तुमच्या जागी असते तर हे एकदा पाहिलं असतं आणि दुसऱ्यांदा त्या पानावर गेले नसते.

फोटोचं मात्र नीट ऐका. आयफोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये Settings मध्ये Chats खाली Save to Photos नावाचं बटण आहे. ते चालू असेल तर आलेला फोटो डाउनलोड झाला की त्याची एक प्रत फोनच्या फोटोंमध्ये जाऊन पडते. घरी वायफाय असेल तर बहुतेकांचे फोटो आपोआप डाउनलोड होतात, चॅट उघडावी लागत नाही. मग तुम्ही मेसेज पुसला, चॅटमधून फोटो गेला, पण अल्बममधली प्रत तिथेच. ही काही ऐकीव गोष्ट नाही. आयफोनवाल्यांकडे पुसलेला फोटो राहू शकतो, असं व्हॉट्सॲपच्या मदतपानावरच स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय पुसणं समोर यशस्वी झालं नाही तर तसं तुम्हाला कळवलं जात नाही, हेही तिथे आहे.

फोटोखाली लिहिलेला मजकूर अल्बममध्ये जात नाही. म्हणजे जाऊबाईंच्या फोनमध्ये काही उरलंच असेल तर ते तुमचे शब्द नव्हेत, वहीचं पान आहे. तुमचं अक्षर, फुलं, पत्री, भाज्या, हरभऱ्याची डाळ, खाली ९,३००, धाकटीच्या नावापुढे ३,१०० आणि त्यांच्या नावापुढे रिकामी जागा. आता डोळ्यांपुढे आणा: तुम्ही त्यांना सांगता, काही नाही हो, गणपतीचा फोटो दोनदा गेला होता. आणि दिवाळीच्या आसपास त्या अल्बममध्ये गौरीच्या साड्यांचा फोटो शोधत असताना दोन आरत्यांच्या मधोमध हे पान निघतं. तेव्हा तुमचं चुकून गेलेलं वाक्य विसरलं जाईल, थाप विसरली जाणार नाही.

त्यांचा फोन “बघू जरा” म्हणून हातात घ्यायचा आणि फोटो गुपचूप उडवायचा, हा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. दुसऱ्याच्या फोनमध्ये हात घालणं हे एक झालंच. शिवाय आयफोनमधून उडवलेला फोटो Recently Deleted मध्ये महिनाभर तसाच बसतो, म्हणजे पुराव्यावर तुमच्या हाताची मोहोर.

भाच्याचा सल्ला थापेपेक्षा बरा, पण तोही मला पुरेसा वाटत नाही. कारण तुम्ही काही पुसलंत हे जाऊबाईंना दिसतंय. ती करडी ओळ त्यांच्या चॅटमध्ये आहे आणि तुम्ही दोघी रोज उठून एकमेकींना काही पाठवणाऱ्यांतल्या नसाल तर ती वर सरकायलाही वेळ लागेल. माणूस पुसलेल्या ओळीत मूळ मजकुरापेक्षा वाईट काहीतरी वाचतो, हा माझा इतक्या वर्षांच्या पत्रांचा अनुभव. आणि त्या नेहमीसारख्या बोलताहेत यावरून काही ठरवू नका. थोरल्या जाऊ म्हणून वीसेक वर्षं काढलेल्या बाईला ऐकून न ऐकल्यासारखं करणं चांगलं जमतं.

मध्यंतरी एका वाचकाने विचारलं होतं, पुसण्यापेक्षा मेसेज बदलून टाकला तर? पाठवल्यापासून १५ मिनिटांच्या आत मजकूर बदलता येतो, समोर फक्त Edited एवढंच दिसतं, आधी काय होतं ते दिसत नाही. तुम्हालाही हे कुणीतरी सांगेल म्हणून लिहिते. तुमच्या बाबतीत ते कामाचं नव्हतं, कारण खालचा मजकूर बदलला तरी फोटो बदलत नाही. आणि त्यांनी आधीचं वाचलेलं असतं, तर बदललेल्या गोड शब्दांनी तुम्ही आणखीच उघड्या पडला असतात. पुसलंत तेच बरोबर. सगळ्यांसाठी पुसलंत, हेही नशीब. मी एकदा अशाच घाईत शेजारचा Delete for me दाबला होता. माझ्याकडून मेसेज गायब, ज्यांच्याबद्दल होता त्यांच्याकडे जसाच्या तसा, आणि आता पुसायला माझ्याकडे काही शिल्लकच नाही! तेव्हा काही उपाय नव्हता. हल्ली खाली पाचेक सेकंद Undo येतं, ते चटकन दाबलं तर मेसेज परत दिसतो आणि मग नीट पुसता येतो.

आता जाऊबाईंकडे जायचं. मेसेजने नाही, फोननेही शक्यतो नाही. एकाच गावात असाल तर दुपारच्या चहाच्या वेळेला, घरात पोरंबाळं आणि पुरुषमंडळी नसताना. पण जाण्याआधी एक काम आहे. वही पुन्हा उघडा.

तुम्ही लिहिलंय की दोन्ही गौरींच्या साड्या त्यांनी आणल्या. आणि तुमच्या ९,३०० चे तीन सारखे वाटे केले तर बरोबर ३,१०० येतात, तेवढेच धाकटीने दिले. म्हणजे साड्या तुमच्या हिशेबात कुठेच नाहीत. दोन साड्या, सणाच्या, गल्लीने कौतुक करावं अशा. त्या ३,१०० च्या वर असतील की खाली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. समजा दोन्ही मिळून ३,६०० च्या असतील. मग गौरींचा एकूण खर्च झाला १२,९००, तिघींचा वाटा ४,३०० प्रत्येकी. जाऊबाईंनी साड्यांतून ३,६०० दिलेलेच आहेत, त्यांच्याकडून यायचे उरले ७००. धाकटीने ३,१०० दिलेत, तिच्याकडून यायचे १,२००. हे दोन्ही मिळाले की तुमच्या खिशातून गेलेले उरतात ४,३००, म्हणजे तुमचा वाटा. ज्यांच्यावर तुम्ही फोटो काढून दात ओठ खाल्लेत त्यांच्यापेक्षा धाकटीकडचं येणं जास्त निघतं! आकडे माझे आहेत, साड्यांची किंमत विचारून तुम्ही तुमचे घाला. कदाचित साड्या त्यांनी हौसेने आणल्या असतील आणि त्या हिशेबात धरायच्या नाहीत असंच त्यांना वाटत असेल. पण ‘मी साड्या आणल्या म्हणजे माझं झालं’ असं त्यांच्या मनात असणंही तितकंच शक्य आहे, आणि मग त्यांनी पैशाचा विषय का काढला नाही याचं उत्तर तिथेच आहे. तुम्ही कुणी तो काढलात का, हेही तुमच्या पत्रात नाही.

तर बोलायचं असं काहीतरी: “ताई, विसर्जनाच्या रात्री मी तुम्हाला एक फोटो पाठवून पुसला ना, तो माझ्या बहिणीला जायचा होता. गौरींच्या खर्चाचं पान होतं. तुमच्याशी बोलायच्या ऐवजी मी तिच्याकडे कुरकुरत बसले होते आणि खाली जरा लागेल असंच लिहिलं होतं. माझं चुकलं. आणि ताई, साड्यांचे किती झाले ते सांगा, मी ते धरलेच नव्हते.” एवढंच. त्यात “तुम्ही पण” कुठेही येऊ देऊ नका, “रागाच्या भरात” नको, “नेट स्लो होतं” तर नकोच.

ते वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगायचं का? माझ्या मते त्यांनी विचारलं तरच. त्यांनी वाचलं नसेल तर मोठेपणा आणि खिसा त्यांच्या कानावर नव्याने घालून तुम्ही स्वतःचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवाल. वाचलं असेल तर त्यांना ते पाठ आहे, तुम्ही पुन्हा म्हणून दाखवायची गरज नाही. पण त्यांनी सरळ विचारलं, काय लिहिलं होतंस, तर मऊ करून सांगू नका. फोटो सापडला किंवा शब्द आठवले तर ते तुमच्या आजच्या शब्दांशी जुळायला हवेत.

त्या हसून म्हणाल्या, “अगं मी बघितलंच नाही, झोपले होते,” तर ते खरं आहे की नाही हे शोधत बसू नका. त्यांनी वाट करून दिलीय, तिच्यावरून पुढे जा आणि साड्यांच्या किमतीकडे या. आणि त्या रागावल्या, तर रागावू द्या. तेव्हा लगेच हिशेबाचं पान पुढे करू नका, ते दोन दिवसांनी.

जाता जाता त्या ॲपबद्दल, कारण तुमचा भाचा किंवा आणखी कुणी सुचवेलच. पुसलेले मेसेज परत दाखवतो म्हणणारी ॲप अँड्रॉइडवर मिळतात. ती जादू करत नाहीत, फोनवर येणारी प्रत्येक नोटिफिकेशन वाचून साठवतात, म्हणजे तुमच्या बँकेचे ओटीपीसुद्धा. साधं एवढंच हवं असेल तर अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच Notification history असते, मागच्या २४ तासांची, चालू केलेली असेल तर. जाऊबाई आयफोनवर आहेत म्हणून हा प्रश्न तुमच्यापुरता मिटला. पण धाकटीचा फोन कोणता ते मात्र लक्षात असू द्या.

आणि तिथेच, फोन हातात आहे तोवर, मोठ्या जाऊबाईंचं नाव बदला. गॅलरीतून फोटो पाठवताना व्हॉट्सॲप वर जी यादी दाखवतं ती नेहमीच्या आणि हल्लीच्या माणसांची असते, आणि सणाच्या आठवड्यात त्यात दोन्ही ताया शेजारीशेजारी येणारच. एकीला ‘ताई माहेर’ करून भागत नाही, कारण यादीत नाव लांब असेल तर मागचं तुटतं आणि पुन्हा दोन ‘ताई’ उरतात. फरक पहिल्या अक्षरात हवा. ‘माहेर ताई’ एक, ‘थोरल्या’ दुसऱ्या. चेहऱ्याचे फोटोही बघून घ्या. गौरीच्या दिवसांत दोघींनीही गौरींचाच फोटो डीपीला लावलेला असण्याची मला दाट शंका आहे.